सीसॅटच्या पेपरात मराठी आणि इंग्रजी प्रश्न जुळत नसतील तर काय करायचं

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत पूर्व परीक्षेच्या संध्याकाळी एक वाद हमखास होतो. एक जण म्हणतो उत्तर दोन, दुसरा म्हणतो तीन. अर्ध्या तासाने कळतं की एकाने मराठी प्रश्न वाचला होता, दुसऱ्याने इंग्रजी, आणि दोघांची आकडेमोड बरोबर आहे. हा लेख त्या वादासाठी नाही. पुण्यात नुकतेच आलेले, पहिल्यांदा राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला बसणारे जे आहेत, त्यांनी असा प्रश्न परीक्षागृहात कसा ओळखायचा, किती वेळ द्यायचा आणि नंतर हरकत कशी घ्यायची, एवढंच इथे आहे.

आधी हिशोब समजून घ्या. सीसॅट म्हणजे पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर: ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट आणि अडीच गुण. चुकलं तर प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा, म्हणजे ०.६२५ गुण जातात. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना ही वजावट नसते. पेपर आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. एकही चुकलं नाही तर २७ बरोबर उत्तरांत काम होतं. हे लक्षात ठेवा, कारण गोंधळाच्या प्रश्नाला किती वेळ द्यायचा हे यावरूनच ठरतं.

काय काय लागेल

- आयोगाच्या संकेतस्थळावरचे सीसॅटचे जुने पेपर आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका. अप्पा बळवंत चौकात छापील संच मिळतात, पण काही संचांत फक्त मराठी मजकूर असतो. आपल्याला दोन्ही भाषा शेजारी हव्यात, म्हणून मूळ पीडीएफचीच झेरॉक्स काढा.
- दोन रंगांची पेनं, फक्त सरावासाठी. परीक्षेत जे पेन सांगितलंय तेच.
- एक छोटी वही, फरकाचे शब्द टिपायला.
- परीक्षेनंतर जपून ठेवायला: प्रश्नपुस्तिका, उत्तरपत्रिकेची तुमच्याकडे राहणारी प्रत आणि प्रवेशपत्र.

१. मुखपृष्ठावरच्या सूचना खरंच वाचा

पुस्तिका हातात पडली की सगळे बैठक क्रमांक लिहायला धावतात. तो लिहून झाला की सूचनांमध्ये एकच गोष्ट शोधा: दोन भाषांत तफावत आढळली तर कोणती भाषा ग्राह्य धरायची, याबद्दल काही लिहिलं आहे का. वेगवेगळ्या परीक्षांचे नियम वेगळे असतात. नीटचंच घ्या, तो पेपर मराठीतही मिळतो, पण भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. एका परीक्षेचा नियम दुसरीकडे लावू नका आणि 'सर म्हणाले होते' यावर तर अजिबात जाऊ नका. त्या दिवशी तुमच्या हातातल्या पुस्तिकेवर जे छापलंय ते खरं.

आणखी एक. सीसॅटमध्ये काही उतारे मुद्दाम एकाच भाषेत असतात, कारण तिथे त्या भाषेचं आकलनच तपासायचं असतं. तिथे दुसरी भाषा शोधत पानं उलटत बसू नका. दरवर्षी कुणीतरी पर्यवेक्षकांना 'माझ्या पुस्तिकेत भाषांतर छापायचं राहिलंय' म्हणून सांगतंच.

२. एक भाषा मुख्य ठरवा, दुसरी फक्त तपासायला

दोन्ही मजकूर प्रत्येक वेळी पूर्ण वाचायला वेळ नाही. ज्या भाषेत तुम्ही जलद वाचता ती मुख्य. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या बहुतेकांची ती मराठीच असते आणि त्यात काही वावगं नाही. क्लासमध्ये 'फक्त इंग्रजीच वाचा' असा सल्ला मिळतो, तो मला पटत नाही. ज्याला इंग्रजी वाचायला दुप्पट वेळ लागतो त्याचे शेवटचे पंधरा प्रश्न राहून जातात, आणि तफावतीचे प्रश्न पेपरात असतात तरी किती!

मुख्य भाषेत वाचून प्रश्न सोडवायचा. दुसऱ्या भाषेत फक्त ठरावीक जागा बघायच्या. त्या जागा कोणत्या, ते पुढे.

३. फरक कुठे लपतो ते ओळखा

आकडे सहसा चुकत नाहीत. चुकतात ते आकड्यांना चिकटलेले छोटे शब्द. चार जागा पक्क्या करा.

पहिली, प्रत्यय. 'किंमत २० टक्क्यांनी कमी केली' आणि 'किंमत २० टक्क्यांवर आणली' यात ५०० रुपयांची वस्तू एकीकडे ४०० ची होते, दुसरीकडे १०० ची. तसंच 'तीन दिवसांत' आणि 'तीन दिवसांनी'. काम-काळाच्या प्रश्नात इंग्रजीत 'इन' असेल की 'आफ्टर', ते बघून घ्या. मराठी मजकुरात या दोन्हींच्या जागी एकच रूप आलेलं असू शकतं.

दुसरी, मर्यादेचे शब्द: किमान, कमाल, पेक्षा जास्त, पेक्षा कमी नाही. 'किमान तीन' मध्ये तीन धरायचा असतो, 'तीनपेक्षा जास्त' मध्ये नाही. इंग्रजीत 'अॅट लीस्ट थ्री' असताना मराठीत 'तीनपेक्षा जास्त' आलं, तर उत्तर एका घराने सरकतं.

तिसरी, नाती. इथे उलटा प्रकार होतो. मराठीत नात्याचे शब्द नेमके आहेत, इंग्रजीत ढोबळ. मूळ प्रश्न इंग्रजीत लिहिला असेल तर भाषांतर करणाऱ्याला काका किंवा मामा यातलं एक निवडावंच लागतं, आणि निवडताना तो नकळत जास्तीची माहिती देऊन बसतो. समजा प्रश्न असा: रेखाच्या 'अंकल'ची एकुलती एक बहीण शोभा, तर शोभा रेखाची कोण? इंग्रजी वाचणाऱ्याला अंकल वडिलांचा भाऊ की आईचा, हे माहीत नाही. शोभा आत्या असू शकते, आई असू शकते. त्याचं उत्तर 'निश्चित सांगता येत नाही'. मराठीत 'मामा' छापलं असेल तर मामाची एकुलती एक बहीण म्हणजे रेखाची आईच. दोन्ही पर्याय समोर, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणून नात्याच्या प्रश्नात 'निश्चित सांगता येत नाही' किंवा 'अपुरी माहिती' असा पर्याय दिसला की इंग्रजी मजकुरावर एकदा नजर टाकाच.

चौथी, 'सर्व' आणि 'नाही' एकाच वाक्यात येणं. हे सगळ्यात चोरटं आहे, त्यामुळे त्याचं उदाहरण खाली स्वतंत्र घेतो.

४. दोन उत्तरं आली की पर्याय आणि उरलेल्या अटी बघा

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू. प्रश्न मी तयार केलेला आहे, पण घाट पेपरातलाच.

मराठी मजकूर: 'सात जण एका रांगेत उत्तरेकडे तोंड करून बसले आहेत. मीना उजव्या टोकाला आहे. सुनील मीनाच्या डावीकडून तिसरा आहे. अनिल रांगेच्या डाव्या टोकापासून तिसरा आहे. सुनील आणि मीना यांच्यामध्ये किती जण आहेत?' इंग्रजीत सुनीलबद्दल 'थर्ड टू द लेफ्ट ऑफ मीना' असं आहे.

उत्तरेकडे तोंड आहे, म्हणजे आपल्यासमोरच्या कागदावर डावी बाजू तीच त्यांची डावी. डावीकडून १ ते ७ जागा मांडा. मीना ७ वर. इंग्रजीप्रमाणे मीनापासून डावीकडे मोजायचं: पहिला ६, दुसरा ५, तिसरा ४. सुनील ४ वर, मध्ये ५ आणि ६, उत्तर दोन.

मराठीत 'डावीकडून तिसरा' आहे. घाईत वाचणारा रांगेच्या डाव्या टोकाकडून मोजतो आणि सुनीलला ३ वर बसवतो. मग मध्ये ४, ५, ६ असे तीन जण येतात. पर्यायांत दोनही आहे आणि तीनही. नेमक्या इथेच मुलं अडकतात, चार मिनिटं घालवतात आणि शेवटी मनाला येईल तो गोल काळा करतात.

उरलेली अट बघा. अनिल डाव्या टोकापासून तिसरा, म्हणजे ३ वर. त्या जागेवर सुनील बसूच शकत नाही. तीन हे उत्तर काढणारं वाचन प्रश्नातल्याच दुसऱ्या वाक्याशी भांडतं, म्हणून ते बाद. 'मीनाच्या डावीकडून' याचा अर्थ 'मीनापासून डावीकडे' असाच घ्यायचा. यात इंग्रजीची गरजही लागली नाही, फक्त सगळ्या अटी एकत्र बसवायच्या होत्या.

उलट सवयीचा धोकाही सांगतो. मांडणी जुळत नाही असं दिसलं की मुलं स्वतःची आकृती पुन्हा पहिल्यापासून काढतात, तीच पुन्हा चुकते, आणि मग प्रश्नच चुकीचा आहे असं ठरवून पुढे जातात. आकृती दुसऱ्यांदा काढण्याआधी ज्या वाक्याने अडचण झाली तेवढंच वाक्य दुसऱ्या भाषेत वाचा. दहा सेकंद लागतात.

पर्यायांची चाचणी याहून सोपी आहे. दोन वाचनांतून दोन उत्तरं आली आणि पर्यायांत त्यातलं एकच असेल, तर काम झालं. वर दिलेला टक्क्यांचा प्रश्न घ्या: पर्याय ३८०, ४००, ४२०, ४५० असतील तर १०० वाला अर्थ प्रश्नकर्त्याच्या मनात नव्हता.

५. पर्यायही मदत करत नसतील तेव्हा

आता ते 'सर्व' आणि 'नाही'. विधान: 'सर्व कामगार संपावर नव्हते.' निष्कर्ष एक: काही कामगार संपावर नव्हते. निष्कर्ष दोन: एकही कामगार संपावर नव्हता. पर्याय: फक्त एक, फक्त दोन, दोन्ही, दोन्ही नाही.

हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. 'सर्व' वर जोर दिला तर अर्थ होतो, सगळे नव्हते, काही होते किंवा असतील. जोर 'नव्हते' वर दिला तर अर्थ होतो, एकही नव्हता. बोलताना आवाजाने अर्थ कळतो, छापील कागदाला आवाज नसतो. पहिल्या अर्थाने फक्त निष्कर्ष एक निघतो, दुसऱ्या अर्थाने दोन्ही निघतात. दोन्ही उत्तरं पर्यायांत आहेत आणि दुसरी कुठली अट नाही.

अशा वेळी दुसरी भाषा बघावीच लागते. इंग्रजीत 'नॉट ऑल' असेल तर पहिला अर्थ, 'नो वर्कर' असेल तर दुसरा. हे दोन्ही स्वच्छ आहेत, आणि दोन मजकुरांपैकी एक स्वच्छ आणि एक दुहेरी असेल तर स्वच्छ मजकुराप्रमाणे उत्तर द्यावं. पण इंग्रजीतही 'ऑल वर्कर्स वेअर नॉट' असं असेल तर तेही तितकंच दुहेरी आहे. मग नजर निष्कर्षांकडे वळवा. प्रश्नकर्त्याने 'काही नव्हते' आणि 'एकही नव्हता' असे दोन वेगळे निष्कर्ष दिले आहेत, म्हणजे त्याला बहुधा याच दोघांतला फरक तपासायचा आहे, आणि मग 'फक्त एक' कडे झुकतं माप द्यायला हरकत नाही. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

नात्याच्या प्रश्नासारखं, दोन्ही मजकूर आपापल्या जागी स्वच्छ पण वेगळे, असं असेल तर मुखपृष्ठावरच्या सूचनेप्रमाणे जा. सूचना नसेल तर मी इंग्रजीकडे जाईन, पण एका अटीवर: मराठी वाक्य भाषांतरासारखं वाटत असेल तर. कर्मणी प्रयोगांची रांग, 'च्या द्वारे', 'जे की' असलं काही दिसलं की मूळ इंग्रजीत होतं असं समजायला जागा आहे. उलट प्रश्नात सातबारा, गुंठे, पाडव्याची खरेदी असा मजकूर असेल आणि मराठी वाक्य सरळ वाहत असेल, तर मूळ मराठीत असण्याची शक्यता जास्त.

आणि सोडून द्यायचं का? दोन पर्यायांवर येऊन थांबला असाल आणि दोन्ही सारखेच वाटत असतील तर सोडू नका. बरोबर आलं तर अडीच, चुकलं तर ०.६२५ जातात, म्हणजे सरासरीने हातात ०.९ च्या वर गुण पडतात. सोडायचा तो ज्यात चारही पर्याय उघडे आहेत आणि दोन मिनिटं होऊन गेली आहेत.

६. खूण करून पुढे जा

पुस्तिकेत त्या प्रश्नाच्या क्रमांकाभोवती गोल करा आणि फरकाच्या शब्दाखाली दोन्ही भाषांत रेघ मारा. उत्तरपत्रिकेवर मात्र काहीही खूण नको, तिथे फक्त उत्तराचा गोल. पर्यवेक्षकांना अर्थ विचारू नका. त्यांना प्रश्नाबद्दल बोलण्याची मुभा नसते, आणि एखाद्याने चांगुलपणाने काही सांगितलं तरी ते तपासताना कामाला येत नाही. फक्त छपाई पुसट असेल, पान गहाळ असेल, तर ते सुरुवातीलाच सांगा आणि पुस्तिका बदलून घ्या.

७. घरी आल्यावर: हरकत

आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका संकेतस्थळावर टाकतो आणि हरकतींसाठी थोड्याच दिवसांची मुदत देतो. मुदत, पद्धत आणि शुल्क त्या वेळच्या प्रसिद्धिपत्रकात असतं, ते शब्दन्‌शब्द वाचा. शेवटच्या संध्याकाळवर ठेवू नका, संकेतस्थळ तेव्हा हमखास रखडतं.

नव्या मुलांचा इथला ठरलेला घोळ संचाचा. पुस्तिका अ, ब, क, ड अशा संचांत येते आणि तोच प्रश्न प्रत्येक संचात वेगळ्या क्रमांकावर असतो. मित्राच्या ब संचातला ४१ वा तुमच्या ड संचात दुसराच काहीतरी असतो. ग्रुपवर फिरणाऱ्या याद्यांवर विश्वास न ठेवता आपल्या पुस्तिकेवरचा संच आणि क्रमांक बघूनच तपासा.

हरकत लिहिताना 'भाषांतर चुकीचे आहे, न्याय द्यावा' असं लिहून काही होत नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञाला तीन गोष्टी दिसायला हव्यात: दोन्ही मजकूर शब्दशः, दोन्ही वाचनांतून निघणारी उत्तरं, आणि तुमची मागणी. रेखाच्या प्रश्नाची हरकत मी अशी लिहीन:

'इंग्रजी मजकुरात अंकल असा शब्द असून त्यात वडिलांचा भाऊ व आईचा भाऊ दोन्ही येतात. मराठी मजकुरात मामा असे आहे. इंग्रजीप्रमाणे शोभा ही आत्या किंवा आई असू शकते, त्यामुळे पर्याय चार (निश्चित सांगता येत नाही) बरोबर ठरतो. मराठीप्रमाणे शोभा ही आईच ठरते, त्यामुळे पर्याय एक बरोबर ठरतो. दोन मजकुरांतून दोन भिन्न उत्तरे मिळत असल्याने प्रश्न रद्द करावा.'

एवढंच. पानभर लिहू नका. पुरावा म्हणून दोन्ही मजकूर दिसतील असा पुस्तिकेतल्या पानाचा स्वच्छ स्कॅन जोडा. शब्दाच्या अर्थावर वाद असेल तर प्रमाण शब्दकोशाचं पान द्या. गणिती व्याख्येचा प्रश्न असेल तर बालभारतीचं पाठ्यपुस्तक चालतं, पारिभाषिक शब्द असेल तर भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश. क्लासच्या नोट्स आणि मार्गदर्शक पुस्तकं जोडू नका, त्यांना वजन नसतं.

हरकत घेण्याआधी एक कसोटी लावा: दोन्ही मजकुरांतून खरोखर दोन वेगळी उत्तरं निघतात का? शब्द बेढब आहे, वाक्य विचित्र आहे, पण उत्तर एकच येतं, अशी हरकत टिकत नाही. मीना-सुनीलच्या प्रश्नावर मी हरकत घेणार नाही, कारण अनिलच्या अटीने दुसरं वाचन आधीच बाद केलेलं आहे.

हरकतींवर तज्ज्ञांचं मत घेऊन पुढची उत्तरतालिका येते. तिच्यात उत्तर कायम राहू शकतं, बदलू शकतं किंवा प्रश्न रद्द होऊ शकतो. अंतिम उत्तरतालिका आल्यावर पहिलीशी ताडून बघा. जे प्रश्न बदलले किंवा रद्द झाले, तेवढे मूळ पुस्तिकेतून काढून दोन्ही मजकूर वाचा आणि फरकाचा शब्द वहीत टिपा. जुन्या तीन-चार पेपरांचं असं करून बघा, म्हणजे तुमच्या वहीत वरच्या चार जागांशिवाय आणखी एखादी पाचवी जागा सापडते का, ते कळेल.